लाखामागे किती, आणि कोणत्या वयाचे?

जपानमध्ये दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे ८०० जणांना कर्करोगाचे नव्याने निदान होते. भारतात हाच आकडा १०० च्या आसपास आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी संस्था फ्रान्समधील ल्यों शहरात आहे. तिने २०२२ सालासाठी केलेल्या अंदाजांतले हे आकडे. नुसते हेच वाचले तर जपानी माणसाला कर्करोगाचा धोका आपल्यापेक्षा आठपट आहे असे कुणालाही वाटेल. मात्र त्याच तक्त्यात शेजारी आणखी एक रकाना असतो. त्यात जपानचा आकडा २७० च्या आत येतो आणि भारताचा जवळजवळ जागचा हलत नाही, शंभराला एक-दोन कमी एवढाच. आठपट अंतर पावणेतीनपटीवर आले. रुग्ण तेच, वर्ष तेच, देशही तेच. मधल्या मधे पाचशेहून अधिक रुग्ण कुठे गेले?

ते कुठेही गेले नाहीत. दुसऱ्या रकान्यात दोन्ही देशांच्या लोकसंख्येची वये कागदावर सारखी करून घेतली आहेत, इतकेच. जपानमध्ये शंभरातले सुमारे २९ लोक पासष्टी ओलांडलेले आहेत, भारतात साधारण ७. कर्करोग हा बव्हंशी उतारवयाचा आजार आहे. पेशींमधले जनुकीय बिघाड वर्षानुवर्षे साठत जातात, तंबाखूसारख्या गोष्टींचा मारा जितकी वर्षे होईल तितका त्याचा परिणाम वाढतो, आणि म्हणून विशीतल्या माणसापेक्षा सत्तरीतल्या माणसाला हा आजार होण्याची शक्यता कितीतरी पटींनी जास्त असते. ज्या देशात म्हातारी माणसे अधिक, तिथे रुग्ण अधिक निघणारच. तिथली हवा, अन्न, सवयी उत्तम असल्या तरी निघणार. ‘जपानमध्ये कर्करोग जास्त आहे का?’ या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत: जपानी लोक वयाने मोठे आहेत का, आणि एकाच वयाच्या जपानी व भारतीय माणसांत धोका कुणाला जास्त? पहिल्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असते. दुसऱ्याचे काढण्यासाठी जो दर वापरतात त्याला वय-समायोजित दर म्हणतात. वय न पाहता एकूण रुग्णांना एकूण लोकसंख्येने भागून जो निघतो, तो ढोबळ दर.

हे सगळे हातानेच करून पाहावे, कारण यात बेरीज, गुणाकार आणि भागाकार यांपलीकडे काही नाही. खालचे आकडे मी उदाहरणासाठी बनवले आहेत, ते कोणत्याही खऱ्या तालुक्याचे नाहीत. परिस्थिती मात्र महाराष्ट्रात खरी आहे. कोकणातल्या गावांतून कमावत्या वयाची माणसे पिढ्यान् पिढ्या मुंबईला जात आली. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, ठाणे जिल्ह्यात ८८६. एकीकडून तरुण माणूस निघतो आणि दुसरीकडे पोचतो, तेव्हा दोन्हीकडच्या वयांची रचना बदलते.

तर समजा एक किनाऱ्यावरचा तालुका आहे आणि एक कारखान्यांचा. दोन्हींची लोकसंख्या बरोबर एक लाख. किनाऱ्यावरच्या तालुक्यात चाळिशीच्या आतले ५५ हजार, चाळीस ते एकोणसाठ वयाचे २५ हजार आणि साठ व त्यावरचे २० हजार लोक आहेत. कारखान्यांच्या तालुक्यात हेच आकडे ७५ हजार, २० हजार आणि ५ हजार. वर्षभरात किनाऱ्यावर या तीन गटांत अनुक्रमे ११, ४० आणि ८० नवे रुग्ण सापडले, एकूण १३१. कारखान्यांच्या तालुक्यात १८, ४० आणि २५, एकूण ८३. ढोबळ दर झाले लाखामागे १३१ आणि ८३. बातमी अशी छापून येईल की किनाऱ्यावर कर्करोगाने थैमान घातले आहे, आणि मग पाण्यात काही आहे का, माशांत काही आहे का, याचा शोध सुरू होईल.

आता प्रत्येक वयोगटाचा दर वेगळा काढू. किनाऱ्यावर साठीपुढच्या २० हजारांत ८० रुग्ण, म्हणजे त्या वयात लाखामागे ४००. कारखान्यांच्या तालुक्यात ५ हजारांत २५, म्हणजे लाखामागे ५००. मधल्या गटात किनाऱ्यावर १६०, कारखान्यांकडे २००. चाळिशीच्या आत किनाऱ्यावर २०, कारखान्यांकडे २४. तिन्ही वयांत धोका कारखान्यांच्या तालुक्यात जास्त आहे, तरीही एकूण दर किनाऱ्याचा जास्त निघाला. हिशेबात चूक कुठेही नाही. किनाऱ्यावर ज्या वयात आजार फार होतो त्या वयाची माणसे चौपट आहेत, एवढ्याने चित्र उलटे झाले.

खरे सांगायचे तर तुलना इथेच संपायला हरकत नाही. तीन वयोगटांचे तीन दर समोर आहेत, ते वाचले की सगळे कळते. पण नोंदणी-अहवालांत वयोगट तीन नसतात, पाच-पाच वर्षांचे अठरा असतात. आणि तुलना दोन तालुक्यांची नसते, पन्नास जिल्ह्यांची आणि डझनावारी प्रकारच्या कर्करोगांची असते. ते हजारो दर एकेक करून कुणी वाचणार नाही. त्यांचा एक आकडा करावा लागतो, आणि तो करताना प्रत्येक तालुक्याच्या स्वतःच्या वयरचनेऐवजी सगळ्यांना एकच वयरचना लावायची, ही या रीतीची कल्पना आहे. दोन शहरांतली महागाई ताडून पाहताना आपण किराण्याची एकच यादी दोन्हीकडच्या दुकानांत नेतो, तसेच हे. एका घरात तेल जास्त खपते आणि दुसऱ्यात कमी, म्हणून बिले वेगळी आली, असे मग होत नाही.

ही सामायिक यादी म्हणजे प्रमाण लोकसंख्या. कर्करोगाच्या जगात सर्वाधिक वापरली जाणारी यादी जपानी संशोधक मित्सुओ सेगी यांनी १९६० साली ४६ देशांची लोकसंख्या एकत्र करून बसवली. रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये तिच्यात किरकोळ दुरुस्ती केली. तिच्यात माणसे बरोबर एक लाख आहेत: पाच वर्षांच्या आतली १२ हजार, पाच ते नऊची १० हजार, असे करत करत पंच्याऐंशीपुढची फक्त ५००. आपल्या तीन गटांत ती जमवली तर चाळिशीच्या आत ६८ हजार, मध्ये २१ हजार आणि साठीपुढे ११ हजार पडतात. भारताची आजची वयरचना जवळपास अशीच आहे. म्हणूनच आपला ढोबळ दर आणि समायोजित दर सध्या इतके जवळ दिसतात, आणि जपानचा दर मात्र कोसळतो. तिथले साठीपुढचे लोक एक-तृतीयांशाहून जास्त आहेत, आणि त्यांचे वजन हिशेबात ११ टक्क्यांवर येते.

किनाऱ्याचे दर या यादीला लावू. ०.६८ गुणिले २० म्हणजे १३.६, ०.२१ गुणिले १६० म्हणजे ३३.६, ०.११ गुणिले ४०० म्हणजे ४४. बेरीज ९१.२. कारखान्यांचे दर लावले की १६.३, ४२ आणि ५५, बेरीज ११३.३. ढोबळ दरांत १३१ विरुद्ध ८३ होते, आता ९१ विरुद्ध ११३ झाले. कारखान्यांच्या तालुक्यात धोका सुमारे सव्वापट आहे, आणि वयोगटांचे वेगवेगळे दर आपल्याला हेच सांगत होते.

मरण किंवा आजार मोजताना वय वेगळे काढले पाहिजे, हे शहाणपण जुने आहे. १८४० च्या दशकात इंग्लंडमध्ये सार्वजनिक आरोग्याच्या सुधारणांसाठी झटणाऱ्या एडविन चॅडविक यांनी वस्त्यांचे आरोग्य तोलण्यासाठी मृत्यूसमयीचे सरासरी वय हे माप सुचवले होते. एफ. जी. पी. नायसन या विमागणितज्ञाने १८४४ साली लंडनच्या संख्याशास्त्र मंडळापुढे त्याला आक्षेप घेतला. ज्या वस्तीत लहान मुले जास्त, तिथे मरणाऱ्यांतही मुलेच जास्त असणार आणि सरासरी वय खाली येणार, मग वस्ती कितीही निरोगी असो. त्यांनी एका वस्तीचे वयोगटनिहाय मृत्युदर दुसऱ्या वस्तीच्या वयरचनेला लावून दाखवले. आज आपण वर केला तो हिशेब मुळात हाच आहे.

आता जिथे लोक हमखास घसरतात तिथे येऊ. ९१ हा आकडा कुठल्याही तालुक्यात घडलेला नाही. किनाऱ्यावर गेल्या वर्षी खरोखर १३१ माणसे आजारी पडली, त्यांना १३१ तपासण्या, १३१ उपचार लागले. समायोजित दर ही ‘असती तर’ची संख्या आहे. तिचा उपयोग फक्त त्याच यादीने काढलेल्या दुसऱ्या संख्येशी ताडून पाहण्यापुरता. दवाखान्यात खाटा किती हव्यात, केमोथेरपीची औषधे किती मागवायची, परिचारिका किती नेमायच्या, हे ठरवताना ढोबळ दर आणि प्रत्यक्ष रुग्णसंख्याच पाहायला हवी. ‘समायोजित दर कमी आहे’ असे म्हणून किनाऱ्यावरच्या तालुक्याचा निधी कापला, तर ते त्या म्हाताऱ्या माणसांवर अन्यायाचे होईल. माझ्या मते आरोग्याच्या प्रत्येक बातमीत हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापायला हवेत, आणि कोणता कशासाठी हे एका ओळीत सांगायला हवे.

यादी बदलली की आकडाही बदलतो. आपल्या उदाहरणात ४५, ३० आणि २५ टक्के अशी वयस्कर यादी घेतली, तर किनाऱ्याचा दर १५७ होतो आणि कारखान्यांचा १९६. आकडे खूप वाढले, पण एकाला दुसऱ्याने भागले तर उत्तर पुन्हा सव्वाच्या जवळच. आजार तेवढाच आहे, फक्त मोजायची पट्टी दुसरी आली. अमेरिकेत हे खरोखर घडले. तिथले समायोजित मृत्युदर अनेक दशके १९४० सालच्या वयरचनेवर काढले जात. १९९९ च्या आकडेवारीपासून २००० सालची वयरचना वापरायला सुरुवात झाली. १९९५ या एकाच वर्षाचा सर्व कारणांचा मृत्युदर जुन्या यादीने लाखामागे ५०४ होता, नव्या यादीने तो ९१९ झाला. एकही माणूस जास्त मेला नव्हता. ही अडचण अजूनही टिकून आहे. अमेरिका स्वतः आपला कर्करोगाचा दर २००० च्या यादीने काढते, तो लाखामागे ४४० च्या आसपास येतो. ल्योंची संस्था सेगींची यादी लावते, तिथे त्याच देशाचा दर ३६०-३७० च्या घरात दिसतो. अमेरिकी संकेतस्थळावरचा आकडा आणि भारतीय अहवालातला आकडा एकमेकांशेजारी ठेवणारा लेख वाचनात आला, तर आधी तक्त्याखालची बारीक टीप शोधावी. प्रमाण लोकसंख्या कोणती, ते तिथे लिहिलेले असते. लिहिलेले नसेल तर त्या तुलनेवर विसंबू नये.

अमेरिकेच्या त्या बदलात आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती जास्त गंभीर आहे. जुन्या यादीने कृष्णवर्णीयांचा मृत्युदर गोऱ्यांच्या १.६ पट होता, नव्या यादीने तो १.४ पट झाला. म्हणजे इथे गुणोत्तरसुद्धा बदलले. असे का व्हावे? दोन गटांतले अंतर सगळ्या वयांत सारखे नव्हते. तरुण आणि मध्यम वयात ते मोठे होते, उतारवयात कमी. नव्या यादीने म्हाताऱ्यांचे वजन वाढवले, त्यामुळे जिथे अंतर कमी तिथला आवाज मोठा झाला.

आपल्या तालुक्यांतही हे करून पाहता येते. समजा किनाऱ्याचे दर २०, १६० आणि ५०० आहेत आणि कारखान्यांचे २४, २४० आणि ३८०. म्हणजे साठीच्या आत कारखान्यांकडे धोका जास्त आणि साठीनंतर किनाऱ्यावर. सेगींच्या यादीने किनारा १०२ आणि कारखाने १०९ येतात. वयस्कर यादी लावली की किनारा १८२ आणि कारखाने १७८. कोण पुढे, हे यादी ठरवते. अशा वेळी दोन्ही एकेरी आकडे बाजूला ठेवून वयोगटांचे दर वेगवेगळे सांगणे हाच प्रामाणिक मार्ग. कारण तिथे सांगण्यासारखी गोष्टच ती आहे: एका जागी कमावत्या वयाला काहीतरी ग्रासते आहे, दुसऱ्या जागी म्हातारपणाला. दोन्हींची सरासरी काढली की नेमके तेच पुसले जाते.

आता पहिल्या उदाहरणातल्या ९१ आणि ११३ वर पुन्हा नजर टाकू, कारण तिथे मी एक गोष्ट अजून बोललो नाही. कारखान्यांच्या तालुक्यात साठीपुढचे रुग्ण फक्त २५ होते. इतक्या लहान संख्येत वर्षागणिक पाच इकडे, पाच तिकडे, एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडतो. पुढच्या वर्षी ३० निघाले तर त्या वयाचा दर ५०० वरून ६०० वर जातो, आणि समायोजित दर एका फटक्यात ११ ने वाढतो. ढोबळ दरात हेच पाच रुग्ण फक्त ५ ची भर घालतात. यादीने त्या मोजक्या माणसांचे वजन ५ टक्क्यांवरून ११ वर नेले आहे, त्यामुळे त्यांच्यातली योगायोगाची उसळीही दुपटीहून मोठी झाली. सगळ्या गटांचा हिशेब घातला तर दोन तालुक्यांतल्या २२ च्या फरकात योगायोगाचा वाटा साधारण १६ इतका असू शकतो. एका वर्षाच्या आकड्यांवरून कारखान्यांकडे बोट दाखवणे त्यामुळे घाईचे ठरेल. पाच वर्षे दर असेच राहिले आणि ती एकत्र मोजली, तर तो १६ चा वाटा ७ वर येतो, आणि मग २२ च्या फरकावर विश्वास ठेवता येतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०२० साली आलेला अहवाल २०१२ ते २०१६ अशी पाच वर्षे एकत्र घेतो, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

त्या अहवालात महाराष्ट्रासाठी लक्ष देण्यासारखी एक ओळ आहे. पुरुषांमधला वय-समायोजित दर देशात सर्वांत जास्त मिझोरामच्या ऐजॉल जिल्ह्यात, लाखामागे २६९.४. सर्वांत कमी आपल्या उस्मानाबाद (आताचे धाराशिव) आणि बीडच्या नोंदणीत, ३९.५. जवळजवळ सातपट. ऐजॉलचा ढोबळ दर २०६ च्या आसपास होता, म्हणजे समायोजनाने तो वर गेला. जपानच्या नेमके उलटे, कारण मिझोरामची लोकसंख्या सेगींच्या यादीपेक्षा तरुण आहे. तरुण माणसांच्या प्रदेशात इतका ढोबळ दर असणे हे जास्त चिंतेचे लक्षण आहे, आणि समायोजित आकड्याने ते उघडे केले. तंबाखूचे धूम्रपान आणि तंबाखूच्या धुराचे पाणी तोंडात धरण्याची तिथली सवय यांचा जठराच्या कर्करोगाशी असलेला संबंध संशोधकांनी दाखवला आहे.

पण धाराशिव-बीडच्या ३९.५ चे काय? तिथे कर्करोग खरोखरच इतका कमी आहे, की म्हातारे माणूस तपासणीसाठी शहरापर्यंत पोचतच नाही? वय-समायोजन याचे उत्तर देऊ शकत नाही. ते वयाचा फरक काढून टाकते. निदान न झालेला रुग्ण, सोलापूर-पुण्याला जाऊन दुसऱ्याच पत्त्यावर नोंदला गेलेला रुग्ण, किंवा शपथेवर साठ सांगणारा पण प्रत्यक्षात सत्तरीचा माणूस, यांतले काहीच ते दुरुस्त करत नाही. खाली भागायला घेतलेली लोकसंख्याही २०११ च्या जनगणनेवरून पुढे अंदाजाने ओढलेली असते, आणि आपल्या जनगणनेत वये शून्य आणि पाच या अंकांवर गोळा होतात हे जुनेच दुखणे आहे. शेजारच्या बार्शी तालुक्यात १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. दवाखान्यात येणाऱ्या रुग्णावर विसंबून न राहता नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांना लक्षणे समजावतात आणि संशयित रुग्ण शोधतात. ग्रामीण भागातला कमी आकडा किती खरा आणि किती हुकलेला, याची चाचपणी अशा कामातूनच होते.

नोंदणीवाल्यांनी यावर एक व्यवहारी उपाय काढला आहे, आणि तो अहवालात वेगळ्या रकान्यात मिळतो. फक्त ३५ ते ६४ या वयांचा समायोजित दर ते स्वतंत्र काढतात. या वयात आजार झाला तर घरचे लोक काहीही करून डॉक्टरांपर्यंत नेतात. ऐंशीच्या आजोबांच्या बाबतीत ‘आता वय झाले’ म्हणून सोडून दिले जाण्याची शक्यता असते, तशी इथे कमी. दोन ग्रामीण जिल्ह्यांची, किंवा खेड्याची आणि शहराची तुलना करायची असेल तर मी आधी हा रकाना पाहतो. सगळ्या वयांच्या दरात खेडे फार मागे दिसत असेल आणि ३५ ते ६४ च्या दरात अंतर बरेच कमी होत असेल, तर खेड्यातल्या म्हाताऱ्यांचे आजार नोंदवहीपर्यंत पोचत नाहीत, असा संशय घ्यायला जागा आहे.